आखाजीचं ताट आणि तीन पेयं : लिंबू आधी, मठ्ठा सोबत, जिरं-ओवा नंतर

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

मागच्या भागात आपण पुरणाबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली : "जेवण तर जमतं हो, पण त्याच्यासोबत प्यायला काय ठेवायचं? मठ्ठा की लिंबू सरबत? का जलजिरा?" तर आजचा भाग त्याच्यावर.

आपण एक खरं उदाहरण धरून चालू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. वाशीम जिल्हा, अक्षय तृतीया, म्हणजे आपली आखाजी. वैशाखातलं ऊन, पारा चाळिशीच्या वर. घरी चाळीस माणसं जेवायला. पितरांसाठी घागर भरलेली आहे, आणि ताटात पुरणाची पोळी, वर तुपाची धार, आमरस, कढी, भजी-वडे, कुरडया-पापड, एक-दोन भाज्या, भात. काही घरांत चिंच-गुळाची चिंचवणीही असते. रिसोडला असो, मालेगावला असो की कारंज्याला, थोड्याफार फरकाने ताट हेच.

आता या ताटाकडे जरा नीट बघा. गोड आहे, दोन-दोन पदार्थांत. तूप आणि तेल भरपूर आहे. डाळ आहे, तीही हरभऱ्याची. आणि आंबटपणा? तो कढीत आधीच आहे, चिंचवणी असेल तर तिच्यातही आहे. मग पेयाकडे काम कोणतं उरतं? एक, उन्हातून आलेल्या माणसाचं पाणी भरून काढणं. दोन, जेवताना तोंडाला आलेली तुपाची चिकटी आणि गोडाची मिट्टी मोडणं. तीन, जेवण झाल्यावर दोन-चार तासांनी पोटात जो गुबारा धरतो त्याला थोडा आराम देणं. ही तीन कामं तीन वेगळ्या वेळांची आहेत. म्हणून "कोणतं पेय चांगलं" यापेक्षा "कोणतं पेय कधी" हे ठरवलं की निवड सोपी होते.

आधी : लिंबाचं सरबत, पण लहान ग्लास

पाहुणे अकरा-साडेअकरापासून यायला लागतात. कोणी मोटरसायकलवर, कोणी एसटीच्या स्टँडपासून पायी. त्यांना लिंबू सरबत द्यायचं ते आल्या-आल्या, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. आणि ते फार गोड करायचं नाही. कारण पुढे पुरण आहे, आमरस आहे. आधीच मोठा ग्लासभर गोड पाणी पोटात गेलं की माणूस पहिल्या पोळीलाच हात आखडतो, मग घरची म्हणते, "बाप्पा, जेवले नाही काहीच!"

माझं प्रमाण सांगतो. एका माणसाला १२० ते १५० मिली, म्हणजे चाळीस जणांना साधारण ६ लिटर पुरतं. लिटरमागे ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, आणि लिंबं दोन ते तीन. उन्हाळ्यात लिंबू महाग असतं आणि रसही कमी निघतो, त्यामुळे नगावर जाऊ नका, चाखून बघा. या हिशोबाने एका छोट्या ग्लासात दीड ते दोन चमचे साखर जाते. साखरेचा त्रास असलेल्यांसाठी एक तांब्या बिनसाखरेचा, नुसतं मीठ-जिऱ्याचा वेगळा काढून ठेवा, आणि तो वेगळा आहे हे वाढणाऱ्याला सांगून ठेवा.

सरबत कडू होतं ही तक्रार नेहमीची. त्याची कारणं दोन. पहिलं, लिंबू फार दाबून पिळलं की सालीतलं तेल आणि आतल्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरतो, बिया चिरडल्या तर त्यांचाही. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही : लिंबाच्या रसात कडूपणा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. पिळल्यावर लगेच रस गोड-आंबट लागतो, आणि दोन-तीन तासांनी तोच रस कडू लागतो. म्हणून सकाळी सातला सरबत करून ठेवायचं आणि बाराला द्यायचं, असं करू नका. साखर-मिठाचं पाणी सकाळीच करून गार करा. लिंबं हलक्या हाताने पिळून, बिया गाळून, रस अगदी शेवटी, पाहुणे यायला लागले की घाला. दोन खेपांत केलं तर आणखी बरं.

सोबत : मठ्ठा, आणि त्यातलं लोणी

आता मुख्य गोष्ट. आपल्या पंगतीत मठ्ठा म्हणजे आलं, मिरची, जिरं, कोथिंबीर घातलेलं ताक. या ताटासोबत पाण्याच्या खालोखाल हेच पेय बसतं. पण आजकाल होतं असं की, ताक घुसळायला वेळ नसतो, म्हणून दही आणि पाणी मिक्सरला फिरवतात किंवा रवीने नुसतं फोडतात, वर मसाला टाकतात, आणि त्याला मठ्ठा म्हणतात. चवीला वाईट नसतं. पण ते ताक नाही, पातळ केलेलं दही आहे.

फरक किती पडतो, हिशोब करून बघू. चाळीस माणसांना माणशी ३०० मिली धरलं, म्हणजे दीड ग्लास, तर १२ लिटर मठ्ठा लागतो. त्यासाठी ४ लिटर दूध विरजायचं आणि त्यात ८ लिटर पाणी. म्हशीच्या दुधात लिटरमागे साधारण ६० ग्रॅम स्निग्धांश असतो. चार लिटरचे झाले २४० ग्रॅम. लोणी काढलंच नाही तर हे सगळं मठ्ठ्यात राहतं, माणशी ६ ग्रॅम. म्हणजे चमचाभराहून जास्त तूप, पोळीवरच्या धारेच्या वर. जे पेय तूप हलकं वाटावं म्हणून दिलं, त्यातूनच पुन्हा तूप गेलं. घुसळून लोण्याचा गोळा काढला की यातला बराचसा भाग निघून जातो, थोडाच मागे उरतो. जुन्या लोकांचं ताक पोटाला हलकं वाटायचं, त्याचं कारण हे लोणी आहे.

मग आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. जेवण दुपारी एकला आहे असं धरतो.

विरजण हा उन्हाळ्यातला खरा पेच आहे. हिवाळ्यात रात्री आठला लावलेलं दही सकाळी जेमतेम लागतं. वैशाखात आपल्याकडे रात्रीसुद्धा घर तापलेलं असतं, दही चार-पाच तासांत लागतं. संध्याकाळी सातला विरजलं तर मध्यरात्रीच तयार, आणि दुपारपर्यंत तोंड वाकडं होईल इतकं आंबट. म्हणून दूध तापवून कोमट झाल्यावर रात्री अकराच्या सुमारास विरजण लावा, तेही कमी : लिटरमागे अर्धा लहान चमचा. पहाटे पाचला दही लागलेलं असेल. ते लागल्याबरोबर फ्रिजमध्ये, आणि फ्रिजमध्ये मावत नसेल तर भांडं पाण्याच्या परातीत ठेवून वरून ओलं कापड, सावलीला.

घुसळायचं अकरा-साडेअकराला. इथं एक गोष्ट सांभाळा : दही कोमट असेल तर लोणी गोळाच होत नाही. ते मऊ, चिकट कणांच्या रूपात ताकात पसरतं, ग्लासच्या कडेला तेलकट थर दिसतो. तेव्हा आधी थोडं थंड पाणी घालूनच रवी चालवा. कण दिसायला लागले की आणखी गार पाणी टाका, कण एकमेकांना धरतात आणि गोळा वर येतो. तो काढून घ्या, मग उरलेलं पाणी घाला. लोणी वाया जात नाही, दुसऱ्या दिवशी तूप कढवा.

मसाला १२ लिटरला असा : मीठ ७० ते ७५ ग्रॅम, त्यात थोडं काळं मीठ धरून. आलं ६० ग्रॅम, मिरच्या सहा-सात, भाजून भरडलेलं जिरं तीन-चार मोठे चमचे, चिमूट-दोन चिमूट हिंग. आलं-मिरची वाटून, कापडातून त्यांचा रस घाला, म्हणजे कोणाच्या तोंडात मिरचीचा तुकडा येत नाही. कोथिंबीर अगदी वाढायच्या वेळेला, आधी घातली की काळवंडते. आणि कढी आंबट असेल तर मठ्ठा आंबट नको. एकाच ताटात दोन आंबट असले की दोन्ही खाली राहतात. कढीच्या ताटाला मठ्ठा पातळ, जिऱ्याचा आणि किंचित खारट बरा.

तरीही ताक आंबट झालंच तर? सोडा घालू नका, चव बिघडते. ताक घंटाभर गार जागी स्थिर ठेवा. वर निवळीचं पाणी येतं, आंबटपणा बराच त्यातच असतो. ते वरचं पाणी अलगद ओतून टाका आणि तेवढंच गार पाणी घाला. एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं.

भांड्याचं एक. पितळेची किंवा तांब्याची घागर दिसायला छान, पण आतून कल्हई नसेल किंवा गेलेली असेल तर ताक त्यात कळकतं. चव धातूसारखी लागते, रंग हिरवट होतो, आणि असं ताक प्यायलं की मळमळ-उलटी होते. लिंबाच्या सरबताचंही तेच. स्टील, काच, किंवा माठ वापरा.

पाणी आणि बर्फ : खरा धोका इथं आहे

आता जे सांगतो ते चवीबद्दल नाही, पण याच्याइतकं महत्त्वाचं आजच्या भागात दुसरं काही नाही. आपण आत्ताच म्हटलं, ४ लिटर दही आणि ८ लिटर पाणी. म्हणजे मठ्ठ्याचे दोन भाग पाणी आहे. दूध आपण तापवलं, दही स्वच्छ लागलं. पण ते आठ लिटर पाणी? पोळी तव्यावर भाजली, भजी तळली, भात उकळला. अख्ख्या ताटात न शिजवलेलं जे थोडं असतं, त्यात सरबत आणि मठ्ठा येतात. पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी पाच-सात जणांना जुलाब लागले की लोक पुरणाला आणि तुपाला दोष देतात. मला विचाराल तर पहिली शंका पाण्यावर घ्यायला पाहिजे.

ताक आंबट असतं, त्यामुळे त्यात काही जंतू वाढत नाहीत हे खरं. पण पाण्यातून आलेले सगळे जंतू ताकाने लगेच मरतात असं धरून चालू नका. उन्हाळ्यात विहिरी खोल जातात, बोअरला पाणी कमी, गावात टँकर. जारचं पाणी थंड असतं, म्हणून ते शुद्ध असेलच असं नाही. सोपा उपाय : आदल्या दिवशी संध्याकाळी १४-१५ लिटर पाणी खळखळ उकळा, झाकून निवू द्या, आणि धुतलेल्या माठात भरा. सकाळपर्यंत गार होतं. उकळणं जमत नसेल तर मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. मात्र हे थेंब पाण्यात टाकायचे, ताकात नाही. ताकात क्लोरीन लगेच खर्ची पडतं आणि काम करत नाही.

बर्फाचं तर आणखी जपून. लादीचा बर्फ बहुतेक वेळा पिण्यासाठी केलेला नसतो, तो मासे, दूध, भाजी गार ठेवायला असतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात नियम आला की खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंग टाकून विकायचा. पांढरा दिसतो म्हणून तो खाण्याचाच आहे, अशी मात्र खात्री धरू नका. माझं म्हणणं एवढंच : लादी मठ्ठ्यात टाकू नका, मठ्ठ्याच्या भांड्याभोवती टाका. मोठ्या टबात बर्फ आणि मूठभर मीठ, त्यात मठ्ठ्याचं भांडं. आतलं पेय गार राहतं, पातळ होत नाही, आणि बर्फाचं पाणी आत जात नाही. भांड्याची कडा टबाच्या वर चांगली चार बोटं राहू द्या.

आणि वाढायला लांब दांड्याचा ओगराळा ठेवा. उष्टा ग्लास भांड्यात बुडवून घ्यायची सवय पंगतीत असतेच, ती तिथेच थांबवा.

नंतर : जिरं-ओव्याचं पाणी, पण लगेच नाही

जेवण झाल्याबरोबर लोक जलजिरा मागतात. मी तो तासाभराने देतो, का ते सांगतो.

जेवणानंतर जड वाटतं, त्याचं मोठं कारण तूप-तेल. स्निग्ध जेवण पोटातून पुढे सरकायला वेळ घेतं, तीन-चार तास, कधी जास्त. कोणतंही पाणी, कोणताही मसाला ते तूप "विरघळवत" नाही. दुसरा त्रास गॅसचा, तो वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या वेळी येतो. हरभऱ्याच्या डाळीत काही साखरा अशा असतात की त्या आपल्याला पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यापर्यंत तशाच जातात, तिथले जंतू त्यांना आंबवतात आणि वायू होतो. हे व्हायला काही तास लागतात. म्हणून एकला जेवलेला माणूस तीनला झोपतो आणि पाचला पोटावर हात फिरवत उठतो. डाळ भिजवून ते पाणी टाकलं, आणि शिजल्यावर कट वेगळा काढला, तर या साखरा थोड्या कमी होतात. पण त्याच कटाचं सार करून आपण पितो, हेही लक्षात असू द्या.

तर पाणी असं करा. एक लिटर पाणी, दीड चमचा जिरं, अर्धा चमचा ओवा, एक चमचा बडीशेप. जिरं-ओवा थोडं चुरडून घ्या. पाणी पाऊण लिटर होईपर्यंत उकळा, गाळा, चिमूटभर काळं मीठ. कोमट, अर्धा कप, घोट-घोट. जेवणानंतर तासाभराने एकदा आणि संध्याकाळी वाटलं तर पुन्हा. त्याने ढेकर येते, पोट थोडं सुटतं, असा अनुभव घरोघरी आहे. त्याहून मोठा दावा मी करणार नाही. ओवा वाढवून फायदा वाढत नाही, उलट छातीत जळजळ होते.

कोणाला काय देऊ नये

ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांना लिंबू, मिरचीचा मठ्ठा, पुदिना आणि कडक ओवा हे चारही त्रास देऊ शकतात. पुदिना गार वाटतो, पण त्याने अन्ननलिकेचं खालचं तोंड ढिलं पडतं आणि आंबट वर येतं. अशांना साधं, बिनमसाल्याचं गोडसर ताक बरं, आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही.

ज्यांचं बीपी जास्त आहे, किंवा ज्यांना हृदयाचा, किडनीचा आजार आहे, त्यांच्यासाठी मिठाचा हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपल्या मठ्ठ्याच्या एका २०० मिली ग्लासात सव्वा ग्रॅम मीठ आहे. दोन ग्लासांत निम्मा दिवस संपला, आणि कढी, पापड, भजी अजून बाजूलाच आहेत. म्हणून मसाला घालण्याआधीच दोन लिटर सादं ताक वेगळं काढून ठेवा. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना तेच आवडतंही.

आणि एक गोष्ट, कृपा करून ऐका. जड जेवणानंतर कोणाच्या छातीत दाबल्यासारखं दुखायला लागलं, घाम फुटला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जायला लागलं, दम लागला, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओव्याचं पाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. गॅस असेल तर उत्तमच. नसेल तर अर्धा तासही फार मोलाचा असतो.

तेच पुरण, भाद्रपदात

शेवटी एका श्रोत्यांचा प्रश्न : "महालक्ष्म्यांच्या जेवणालाही हेच चालेल का?" ताट तसंच जड, पण ऋतू वेगळा. भाद्रपदात ऊन नाही, हवा दमट, माणूस उन्हातून सुकून आलेला नसतो. शिवाय बऱ्याच घरांत ज्वारीची आंबील नैवेद्यात असते, म्हणजे आंबट-पातळ पेयाची जागा ताटातच भरलेली आहे. तेव्हा सरबत गाळलं तरी चालतं. मठ्ठा माणशी एक लहान ग्लास, आलं जरा जास्त, बर्फाविना. आणि जिरं-ओव्याचं कोमट पाणी मात्र दुप्पट करून ठेवा. जेवण उशिरा होतं, रात्री माणसं लगेच झोपतात, त्याची गरज तेव्हाच जास्त लागते. पाणी उकळायचा नियम पावसाळ्यात आणखी कडक पाळा, कारण नवं पाणी गढूळ येतं.

पुढच्या भागात कढी फुटते का आणि फुटल्यावर काय करायचं, ते बघू. तोपर्यंत तुमच्या घरी पंगतीला काय वाढतात, मठ्ठ्यात काय घालतात, ते कळवा. येतो.